चार अंकी पिन आणि लांबलचक पासवर्ड: विंडोज लॅपटॉपवर कोणते गुपित कुठे राहते

विंडोजचा नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना प्रणाली मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड एकदा विचारते आणि त्यानंतर लगेच, पुढच्या खेपेपासून आत येण्यासाठी एक पिन ठरवावा, असे सुचवते. हा पिन केवळ चार अंकांचाही असू शकतो. पासवर्डात मोठी व लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे यांची सक्ती वर्षानुवर्षे सोसलेल्या वापरकर्त्याला ही सूचना साहजिकच विसंगत वाटते, आणि म्हणून कित्येक जण पिन बनवण्याचे टाळतात किंवा तो केवळ सोयीसाठी दिलेला कच्चा पर्याय आहे, असे मानून नाइलाजाने बनवतात. ही शंका रास्त आहे, कारण निव्वळ अक्षरांच्या संख्येवर तोलले, तर चार अंकांच्या १०,००० शक्यता एखाद्या दहा अक्षरी पासवर्डापुढे अगदीच किरकोळ ठरतात. परंतु गुपिताची बळकटी केवळ त्याच्या लांबीवर ठरत नाही. ते कुठे साठवले आहे, कुठून कुठे पाठवले जाते आणि चोराला त्यावर किती वेळा अंदाज बांधता येतो, या तीन गोष्टींवरही ती तितकीच अवलंबून असते, आणि पिन व पासवर्ड यांच्यातील खरा फरक या तिन्ही ठिकाणी आहे.

पासवर्ड हे दोन पक्षांमध्ये वाटून घेतलेले गुपित असते. वापरकर्त्याला तो ठाऊक असतो आणि ज्या सेवेचे खाते आहे तिच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मध्यवर्ती संगणकावर, त्याची पडताळणी करता येईल अशी एक खूण ठेवलेली असते. जबाबदार सेवा मूळ पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत. गणिती प्रक्रियेने त्याचा असा ठसा बनवतात, की ठशावरून उलट दिशेने मूळ शब्द काढता येत नाही. या ठशाला हॅश म्हणतात. तरीही प्रत्येक प्रवेशाच्या वेळी मूळ पासवर्ड टाइप होऊन जाळ्यावरून पलीकडे जातो, आणि जगातल्या कोणत्याही संगणकावरून, कोणत्याही वेळी तोच पासवर्ड टाइप केला तरी तो तितकाच चालतो. पासवर्डाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या सर्वत्र चालण्यात आहे. बँकेच्या किंवा कुरिअरच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर, म्हणजे फिशिंगच्या जाळ्यात, तो टाइप झाला की पलीकडचा माणूस तो लगेच खऱ्या ठिकाणी वापरू शकतो. तोच पासवर्ड एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरही ठेवलेला असेल आणि त्या संकेतस्थळाची माहिती फुटली, तर ईमेलचे खातेही उघडे पडते. यांपैकी कशासाठीही लॅपटॉप चोरावा लागत नाही.

विंडोज हॅलो या नावाने २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेल्या व्यवस्थेत पिनचे काम मुळातच वेगळे आहे. पिन ठरवताना लॅपटॉप त्या खात्यासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. त्यांतील जाहीर किल्ली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते, आणि ती कोणाच्या हाती लागली तरी तिच्याने आत शिरता येत नाही. दुसरी, गुप्त किल्ली, लॅपटॉपमधील टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपच्या पहाऱ्यात राहते. ही चिप मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते किंवा आजच्या अनेक लॅपटॉपांत प्रोसेसरच्याच आत तिची सोय केलेली असते. विंडोज ११ साठी तिची दुसरी आवृत्ती असणे अनिवार्य केलेले आहे. प्रवेशाच्या वेळी सर्व्हर एक यादृच्छिक, दर वेळी निराळी अशी संख्या पाठवतो, चिप गुप्त किल्लीने त्या संख्येवर सही करते आणि सर्व्हर जाहीर किल्लीने ती सही तपासतो. या व्यवहारात पिनचे काम एवढेच, की चिपला सही करण्याची परवानगी द्यावी. तो पिन लॅपटॉपच्या बाहेर जात नाही, सर्व्हरवर साठवला जात नाही आणि त्यामुळे सर्व्हरवरून फुटूही शकत नाही.

येथे यूपीआयच्या पिनशी तुलना अनेकांच्या मनात येईल आणि ती अर्ध्यापर्यंत बरोबरही आहे. यूपीआयचे खातेही विशिष्ट फोन व सिमकार्डाशी बांधलेले असते, त्यामुळे नुसता पिन कळून दुसऱ्या फोनवरून पैसे काढता येत नाहीत. मात्र यूपीआयचा पिन पडताळणीसाठी बँकेकडे जातो, तर विंडोजच्या पिनची पडताळणी लॅपटॉपच्या आतच पुरी होते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यातूनच पुढची गोष्ट निघते: एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने वापरल्या जाणाऱ्या दोन लॅपटॉपांवर दोन निराळे पिन असू शकतात, आणि एकावरचा पिन बदलला तरी दुसऱ्यावरचा बदलत नाही. घरगुती वापरात दूरच्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने याच लॅपटॉपवर येऊ पाहणाऱ्याकडून पासवर्ड मागितला जातो, पिन तेथे चालत नाही. पिन यंत्राशी बांधलेला असणे म्हणजे काय, हे यावरून सहज पटते.

राहिला प्रश्न तुटपुंज्या लांबीचा. त्याचे उत्तर चिपच्या मोजणीत आहे. चुकीचा पिन दिला की टीपीएम ती चूक स्वतःच्या आत मोजून ठेवते, आणि लॅपटॉप बंद करून सुरू केल्याने ती मोजणी पुसली जात नाही. विंडोजने ठरवलेल्या मांडणीनुसार चिप ३२ चुकांनंतर स्वतःला बंद करून घेते आणि त्यापुढे दर १० मिनिटांनी एक चूक विसरते, म्हणजे दर १० मिनिटांनी एकच नवा अंदाज बांधू देते. चार अंकांच्या सर्व १०,००० शक्यता या गतीने तपासायच्या, तर एक लाख मिनिटे, म्हणजे सुमारे ६९ दिवस, यंत्रापुढे अखंड बसावे लागेल. सहा अंकी पिनसाठी हाच हिशेब सुमारे १९ वर्षांवर जातो. चिपच्या आधी विंडोजचा स्वतःचा अडसरही असतो: काही चुकांनंतर पडद्यावर A1B2C3 हा मजकूर टाइप करण्यास सांगितले जाते, जेणेकरून एखादी कळ चुकून दाबली जात असेल तर ते उघड व्हावे, आणि त्यानंतरही चुका होत राहिल्या तर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याउलट एखाद्या स्थानिक विंडोज खात्याच्या पासवर्डाचा हॅश डिस्कवरून उचलून नेलेल्या चोराला असे थांबवणारे कोणीच नसते. एक चांगले ग्राफिक्स कार्ड त्या हॅशवर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासू शकते.

या हिशेबाला एक मोठी अट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर वरचे सगळे बळ वाया जाते. टीपीएम नसलेल्या, बंद ठेवलेल्या किंवा नादुरुस्त असलेल्या जुन्या लॅपटॉपवरही विंडोज १० पिन बनवू देते, मात्र तेथे किल्ली केवळ सॉफ्टवेअरच्या आधाराने झाकलेली असते. अशा यंत्राची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की चुका मोजणारे कोणी उरत नाही आणि चार किंवा सहा अंकांचा पिन फार काळ टिकत नाही. त्यामुळे पिनवर विसंबण्यापूर्वी चिपची स्थिती पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी विंडोजची कळ आणि R एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत पुढील आज्ञा द्यावी.

```
tpm.msc
```

उघडणाऱ्या खिडकीत The TPM is ready for use असे दिसले आणि Specification Version पुढे 2.0 असेल, तर चिप कामावर आहे, असे समजावे. Compatible TPM cannot be found असा मजकूर आल्यास चिप नाहीच, असा निष्कर्ष लगेच काढू नये; पुष्कळदा ती लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या मूळ मांडणीत, केवळ बंद ठेवलेली असते आणि तेथे इंटेलच्या यंत्रांवर PTT, तर एएमडीच्या यंत्रांवर fTPM या नावाने सापडते. चिप खरोखरच नसेल, तर अशा यंत्रावर अक्षरे मिसळलेला लांब पिन ठेवावा.

पिन बनवण्याची किंवा बदलण्याची जागा Settings मधील Accounts आणि त्याखालील Sign-in options येथे, PIN (Windows Hello) या ओळीत आहे. घरगुती खात्यावर किमान चार अंक चालतात, परंतु चारांऐवजी सहा अंक टाइप करायला एक क्षणही जास्त लागत नाही आणि हिशेब मात्र दिवसांवरून वर्षांवर जातो. म्हणून सहा अंकांचाच आग्रह धरावा. त्याच चौकटीतील Include letters and symbols या खुणेवर टिक केली, तर पिनमध्ये अक्षरे आणि चिन्हेही घालता येतात. पिन या शब्दाने अंकांचाच बोध होत असला तरी प्रणाली त्याला तशी मर्यादा घालत नाही. वर सांगितलेला ६९ दिवसांचा हिशेब चोर आंधळेपणाने अंदाज बांधतो असे धरून केलेला आहे; प्रत्यक्षात तो जन्मवर्ष, लग्नाची तारीख, गाडीचा क्रमांक आणि १२३४ यांपासूनच सुरुवात करील, आणि पहिल्या ३२ संधींत यांपैकी पुष्कळ गोष्टी बसतात. फोनचा, एटीएम कार्डाचा किंवा यूपीआयचा पिन लॅपटॉपला देणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मग यंत्राशी बांधलेले गुपित पुन्हा अनेक ठिकाणी चालणारे गुपित बनते.

पिन बनवला म्हणजे पासवर्ड नाहीसा होत नाही, ही बाब बहुतेकांच्या नजरेतून निसटते. प्रवेशाच्या पडद्यावर Sign-in options या शब्दांखाली पासवर्डाचे चिन्ह दिसत असेल, तर तो दरवाजाही उघडाच आहे. Sign-in options च्या पानावर Additional settings या मथळ्याखाली एक वाक्य असते: For improved security, only allow Windows Hello sign-in for Microsoft accounts on this device. त्यापुढील कळ सुरू केली, की या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पासवर्डाने आत येण्याचा मार्ग बंद होतो. मात्र त्यानेही खात्याचा पासवर्ड संकेतस्थळावर चालूच राहतो, त्यामुळे खात्याला दुहेरी पडताळणी लावून ठेवणे पिन असला तरी गरजेचेच आहे. ज्यांना पासवर्डाचा काटाच काढायचा आहे त्यांना २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट खात्यावरून पासवर्ड पूर्णपणे काढून टाकण्याची मुभा आहे.

आता हे सर्व एका प्रसंगावर ताडून पाहणे उपयोगाचे ठरेल. समजा, नाशिकहून पुण्याला बसने जाणाऱ्या एका शिक्षिकेची लॅपटॉपची पिशवी वाटेत चोरीला जाते. लॅपटॉपवर सहा अंकी पिन आहे, चिप कामावर आहे आणि लॅपटॉप प्रवासापूर्वी पूर्ण बंद केलेला आहे. चोर तो सुरू करून दोन-चार अंदाज बांधतो, आणि लवकरच वर सांगितलेले अडसर त्याच्यापुढे उभे राहतात. मग तो I forgot my PIN यावर बोट ठेवतो. येथे विंडोज खात्याची ओळख नव्याने पटवण्यास सांगते, म्हणजे पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावलेली असेल तर फोनवर येणारी संमतीही मागते. शिक्षिकेचा फोन तिच्या हातात असेल तर चोराची वाट येथे संपते. फोन त्याच पिशवीत असेल आणि कुलूपबंद पडद्यावरही संदेश वाचता येत असतील, तर त्याच्यापुढे केवळ पासवर्डाचा अडथळा उरतो. म्हणून फोनच्या बंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसू न देणे हा लॅपटॉपच्याही सुरक्षेचा भाग आहे.

चोराचा तिसरा मार्ग सर्वांत सरळ आहे आणि त्याचा पिनशी काहीही संबंध नाही: लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून डिस्क काढायची आणि दुसऱ्या संगणकाला जोडायची. डिस्क सांकेतिक रूपात नसेल, तर उत्तरपत्रिकांचे गुण, आधारची प्रत, छायाचित्रे, सर्व काही पिन न विचारता वाचता येते. पिन प्रवेशाच्या दारावर असतो, तर डिस्कवरील मजकुराचे रक्षण सांकेतीकरणाने होते, आणि हे दोन्ही एकत्र असतील तरच यंत्र चोरीला जाऊनही माहिती वाचते. विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय Settings मधील Privacy & security खाली Device encryption या नावाने मिळते, प्रो आवृत्तीत ती बिटलॉकर म्हणून ओळखली जाते, आणि ती खरोखर चालू आहे की नाही हे प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या टर्मिनलमध्ये पुढील आज्ञेने दिसते.

```
manage-bde -status C:
```

उत्तरात Protection Status पुढे Protection On असावे. सांकेतिक डिस्क दुसरीकडे जोडणाऱ्याला ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप वापरताना सहसा त्या खात्यातच साठवली जाते आणि aka.ms/myrecoverykey या पत्त्यावर पाहता येते. ती तेथे खरोखर आहे, याची खात्री लॅपटॉप धड असतानाच करून घ्यावी आणि तिची एक लिखित प्रत घरी, लॅपटॉपच्या पिशवीपासून दूर ठेवावी. शिक्षिकेच्या बाबतीत सांकेतीकरण चालू होते असे धरले, तर तिला चोरीनंतर करण्यासारखी कामे थोडी उरतात: दुसऱ्या यंत्रावरून खात्यात जाऊन पासवर्ड बदलणे, सर्व ठिकाणांहून बाहेर पडण्याची सोय वापरणे आणि Find my device आधी चालू केलेले असेल तर त्यातून लॅपटॉपला कुलूप घालणे. चोराने बसमध्ये तिच्या खांद्यावरून पिन पाहिला होता असे मात्र निघाले, तर वरची सगळी साखळी तुटते, कारण यंत्र आणि पिन या दोन्ही गोष्टी एकाच हातात आल्या. नुसता पासवर्ड दिसला असता तर त्याला लॅपटॉपचीही गरज नव्हती, नुसता पिन दिसून लॅपटॉप हाती नसता तर त्याचा काही उपयोग नव्हता. दोन्ही एकत्र आले की मात्र पिन फार महाग पडतो.

त्याचे कारण असे, की आज पिन केवळ प्रवेशद्वाराची परवानगी देत नाही. क्रोम व एज या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पडद्यावर पाहायचे असतील तर विंडोज हाच पिन मागते, आणि लॅपटॉपवर ठेवलेल्या पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी वापरल्या जाणाऱ्या किल्ल्या, याच पिनने चालतात. घरातील मुलाला अभ्यासासाठी लॅपटॉप देताना पिन सांगून ठेवणे ही अनेक घरांतली नित्याची गोष्ट आहे, पण त्याबरोबर बँकेचा आणि ईमेलचा साठवलेला पासवर्डही त्याच्या हाती जातो, याची जाणीव सहसा नसते. मुलासाठी Accounts मध्ये स्वतंत्र खाते आणि त्याचा स्वतंत्र पिन तयार करणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि ते टाळू नये. तसेच लॅपटॉप उघडा आणि चालू असताना त्यात शिरलेल्या घातक सॉफ्टवेअरपुढे पिनचा इलाज चालत नाही. ते सॉफ्टवेअर पिन टिपून दुसरीकडे वापरू शकत नाही हे खरे, परंतु वापरकर्त्याच्या नावाने त्याच लॅपटॉपवर काम करू शकते.

पिनच्या सोयीतून एक अडचण हळूहळू तयार होते. दोन-तीन वर्षे रोज पिननेच आत येणारा माणूस खात्याचा पासवर्ड विसरतो, आणि तो विसरला आहे हे त्याला पिन बिघडलेल्या दिवशीच कळते. त्या दिवशी ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक ज्या मोबाइल क्रमांकावर जातो तो प्रीपेड क्रमांक मधल्या काळात रिचार्ज न केल्याने बंद झालेला असेल, तर स्वतःच्याच खात्यात शिरणे महाकठीण होते. account.microsoft.com वर Security खाली नोंदलेले क्रमांक आणि पर्यायी ईमेल वर्षातून एकदा तपासून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे.

पिन नेमका कधी बिघडतो, हेही ठाऊक असावे. बायोसची नवी आवृत्ती चढवताना चिपमधील मजकूर पुसला गेला, कोणी चिप रिकामी केली किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर गुप्त किल्ली हाताबाहेर जाते आणि पडद्यावर Something happened and your PIN isn't available असा मजकूर येतो. हा बिघाड वाटला तरी ती व्यवस्थेची अपेक्षित वागणूक आहे: जुन्या चिपशी बांधलेली किल्ली नव्या चिपकडे जाऊच शकत नाही. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी आहेत, याची खात्री करावी: खात्याचा चालू पासवर्ड, त्याची पडताळणी करणारा चालू फोन आणि ४८ अंकी रिकव्हरी की. दुरुस्ती केवळ पडद्याची, कळफलकाची किंवा बॅटरीची असेल, तर तंत्रज्ञाला सहसा पिनची गरज पडत नाही. चाचणीसाठी तो मागितलाच, तर कागदावर खरा पिन लिहून लॅपटॉपला चिकटवण्याऐवजी दुरुस्तीपुरते प्रशासकाचे अधिकार नसलेले एक तात्पुरते स्थानिक खाते बनवून द्यावे, आणि यंत्र परत मिळाल्यावर ते काढून टाकावे. मदरबोर्ड बदलून आलेल्या यंत्रावर आधी रिकव्हरी की देऊन डिस्क उघडावी लागते, मग पडद्यावरच्या Set up my PIN या दुव्यावरून पासवर्ड व फोनच्या साहाय्याने ओळख पटवून नवा पिन ठरवावा लागतो, आणि त्या क्षणी नव्या चिपमध्ये किल्ल्यांची नवी जोडी तयार होते.